कामाच्या गोष्टी : स्पॉन्सरशिपचं पत्र आणि शेठचा एक प्रश्न



दिवाळीनंतर आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींचे एकाच प्रकारचे मेसेज येऊ लागतात. "ताई, कंपनीचा ॲन्युअल डे आहे. स्पॉन्सर शोधायचं काम माझ्याकडे आलंय. पत्र कसं लिहू?" विचारायला माझ्याकडेच येतात त्याला कारण आहे. कतारगाममधल्या एका घरगुती वस्तूंच्या दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं बघते. म्हणजे तुम्ही जी पत्रं लिहिता ती माझ्या टेबलावर येऊन पडतात, आणि पुढे त्यांचं काय होतं ते मला समोरच दिसतं.

बहुतेक पत्रांचं काहीच होत नाही. आमचे शेठ पहिल्या दोन ओळी वाचतात, पत्र उलटं ठेवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "कार्यक्रम तमारी कंपनीनो, पैसा मारे केम आपवाना?"

प्रश्न रास्त आहे. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची मुलं येतात तेव्हा शेठ असं विचारत नाहीत. तिथे गल्लीचा देव असतो, वर्षानुवर्षांचा शेजार असतो, पावती फाडली की विषय संपतो. त्या पैशाचा मोबदला कोणी मोजत बसत नाही. कंपनीचं तसं नाही. कंपनी नफ्यासाठी चालते, तिचा मालक बहुतेक वेळा दुकानदारापेक्षा सधन असतो, आणि जेवण तर तिच्याच लोकांनी जेवायचं असतं. मग शेजारच्या दुकानदाराने पैसे का द्यावेत? आपण मराठी मुलं लहानपणापासून पावतीपुस्तक घेऊन फिरलेली असतो. त्यामुळे स्पॉन्सरशिपचं पत्रही वर्गणीच्याच सुरात लिहून बसतो : "आपले मोलाचे सहकार्य अपेक्षित आहे." हे सहकार्य कशासाठी, ते मात्र त्यात कुठेच नसतं.

शेठच्या या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन ओळींत दिलं तर पुढचं पत्र वाचलं जातं. हे कसं करायचं, ते एका खऱ्या पत्रावरून सांगते.

मागच्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या एका मुलाने मला कच्चा मसुदा पाठवला. तो कतारगाममधल्या एका हिऱ्याच्या कारखान्यात एचआरला आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, माणसं 220. वार्षिक दिन जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, कुटुंबांसह. मसुदा इंग्रजीत होता, दोन पानी. त्यात कंपनीचा इतिहास होता, "प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर" असे एक लाख, पन्नास हजार आणि पंचवीस हजारांचे तीन दर होते, आणि बदल्यात "ब्रँड व्हिजिबिलिटी" मिळेल असं आश्वासन होतं. हे एकच पत्र तो चाळीस दुकानांत वाटणार होता.

मी त्याला म्हटलं, चाळीस राहू देत. एक दुकान निवड आणि त्याच्यासाठी पत्र लिही.

कोणाकडे मागायचं

त्याच्या यादीत सगळ्यात वर कंपनीला माल पुरवणारे होते : पॅकिंगवाला, कॅन्टीनचा ठेकेदार, मशीन दुरुस्त करणारा. ही नावं सुचणं साहजिक आहे, कारण ती लोकं नाही म्हणणार नाहीत. आणि तीच अडचण आहे. ज्याचं बिल तुमच्या कंपनीत अडकलेलं आहे, तो तुमच्या पत्राकडे पत्र म्हणून बघत नाही. पैसे दिले नाहीत तर पुढची ऑर्डर जाईल, असं त्याला वाटतं. दिलेले पैसे तो पुढच्या दरात वसूल करतो आणि चार ठिकाणी सांगतोही. पुरवठादाराला विचारायचंच असेल तर तो निर्णय मालकाने घ्यावा. खरेदी खात्यातल्या माणसाने ते पत्र नेऊ नये.

त्यापेक्षा, ज्याचं गिऱ्हाईक तुमच्या कारखान्यात बसलेलं आहे अशा दुकानाकडे जा. त्या मुलाला मी विचारलं, तुझी 220 माणसं दिवसभर काय करतात? घंटीवर बसून आयग्लासातून हिरा बघतात. त्यांचं पोट डोळ्यांवर चालतं. त्यातली चाळिशी ओलांडलेली किती? त्याने हजेरीपट बघून सांगितलं, 90. चाळिशी म्हणजे चष्मा, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात.

म्हणून यादीतलं एकच नाव ठेवलं, कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवरचं चष्म्याचं दुकान. "220 कर्मचारी" हा आकडा त्या दुकानदाराला फारसा उपयोगाचा नव्हता. "बारीक काम करणारे 90 जण, वय चाळीसच्या पुढे" हा आकडा मात्र थेट त्याच्या धंद्याचा होता.

किती मागायचं

रक्कम आपल्या खर्चावरून ठरवायची नसते. दुकानदाराला ती परत कशी मिळेल, त्यावरून ठरवायची असते. आम्ही कागदावर त्याच्या बाजूने हिशेब मांडला. आकडे अंदाजाचे, पण रीत बघा.

समजा साधा चष्मा 1,500 रुपयांचा, आणि फ्रेम, काच, घडणावळ वजा जाता दुकानदाराला 500 रुपये सुटतात. मुलाच्या मसुद्यात सगळ्यात कमी रक्कम 25,000 होती. म्हणजे ते पैसे निघायला 50 जादा चष्मे विकले जायला हवेत. त्यातच त्याने स्वतःहून लिहिलं होतं, "आमच्या कर्मचाऱ्यांना आपण 20 टक्के सवलत द्याल." 1,500 वर 20 टक्के म्हणजे 300 रुपये. सुटणाऱ्या 500 मधून 300 गेले, उरले 200. आता 25,000 भरून निघायला 125 चष्मे लागतात. एका कारखान्यातून एवढे चष्मे विकले जाणार नाहीत, हे दुकानदाराला पत्र वाचताक्षणी कळतं. कागदावर गणित तो मांडत नसेल, पण डोक्यात ते झालेलं असतं.

म्हणून दोन बदल केले. सवलत किती द्यायची ते दुकानदारावर सोडलं. आम्ही फक्त "कूपनवर 100 रुपये कमी, किंवा आपण ठरवाल ते" असं सुचवलं. आणि रक्कम 10,000 वर आणली. आता चष्म्यामागे 400 सुटतात, म्हणजे 25 चष्म्यांत पैसे वसूल. चाळिशीपुढचे 90 कारागीर, शिवाय त्यांच्या घरची माणसं, यांत 25 ही पटण्यासारखी गोष्ट आहे.

मुलगा जरा हिरमुसला. "ताई, दहा हजारांत काय होणार?" त्यावर मी म्हटलं, दहा हजारांत पूर्ण होईल अशी एकच गोष्ट शोध. कंपनीत दहा वर्षं पूर्ण केलेले 20 कारागीर होते. प्रत्येकी 500 रुपयांचं स्मृतिचिन्ह, झाले दहा हजार. हॉल, जेवण, मंडप हा सगळा खर्च कंपनीचा. दुकानाच्या पैशातून फक्त हे 20 सन्मान. इथे शेठच्या प्रश्नाला उत्तर मिळालं : कार्यक्रम कंपनीचा आहे आणि त्याचा खर्च कंपनी करते आहे, तुमच्या पैशाने तुमच्याच गिऱ्हाइकांचा सत्कार होतो, आणि तुमचं नाव त्यांच्या घरातल्या शोकेसमध्ये राहतं. "जेवणाच्या खर्चाला हातभार लावा" असं लिहिलं असतं तर हे उत्तर देता आलं नसतं.

बदल्यात काय द्यायचं

जे मोजता येतं तेच कबूल करा. "व्हिजिबिलिटी" मोजता येत नाही. आम्ही तीन गोष्टी लिहिल्या : स्मृतिचिन्हावर "सौजन्य" म्हणून दुकानाचं नाव, प्रवेशद्वाराजवळ दोन तास एक टेबल, आणि प्रत्येक कुटुंबाच्या जेवणाच्या पासाबरोबर एक क्रमांक घातलेलं कूपन. चष्म्याचा दुसरा प्रायोजक घेणार नाही, हेही लिहिलं. क्रमांकाचं महत्त्व असं, की तीन महिन्यांनी दुकानात किती कूपनं परत आली ते मोजता येतं. दुकानदाराला पुढच्या वर्षीचा निर्णय घ्यायला तेवढा पुरावा पुरतो.

एक गोष्ट मागितली तरी देऊ नका : कर्मचाऱ्यांच्या फोन नंबरांची यादी. दुकानदार सहज म्हणतो, "लिस्ट मोकली देजो ने." ते नंबर माणसांनी पगारासाठी आणि हजेरीसाठी कंपनीला दिलेले असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे : माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. कायदा बाजूला ठेवला तरी, स्पॉन्सरचे फोन यायला लागले की कारागीर तुमच्याच नावाने बोटं मोडणार. त्यापेक्षा टेबलावर वही ठेवा. ज्याला हवं तो स्वतःच्या हाताने नंबर लिहील.

कराची एक ओळ

हा भाग थोडक्यात, पण टाळू नका. आमच्या शेठकडची निम्मी पत्रं याच प्रश्नावर माझ्याकडे येतात.

नाव झळकवून पैसे घेणं म्हणजे देणगी घेणं नव्हे. ती सेवा आहे आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी आहे. आधी कंपनी किंवा भागीदारी संस्था प्रायोजक असेल तर हा कर प्रायोजकाला भरावा लागायचा. 16 जानेवारी 2025 पासून, पैसे घेणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर तिनेच बिलात कर लावायचा असतो. म्हणजे 10,000 वर 1,800, एकूण 11,800. दुकान नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असेल तर 1,800 ची वजावट त्याला मिळते. ते कंपोझिशनमध्ये असेल तर मिळत नाही, त्याच्या दृष्टीने खर्च 11,800 च धरायचा. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड नसून भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीची असेल तर नियम बदलतो. पत्र जाण्याआधी तुमच्या अकाउंट्सवाल्याला विचारा.

दोन शब्द पत्रात नकोत. एक, "सीएसआर". जाहिरातीच्या लाभासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांतच वगळलेलं आहे. दुसरा, "80जी". कंपनीचा वार्षिक दिन हे धर्मादाय काम नाही. हे शब्द दिसले की आमच्यासारखा हिशेबनीस समजतो की लिहिणाऱ्याने कोणाला विचारलेलं नाही.

आणि पैसे कंपनीच्या खात्यातच घ्या. "माझ्या नंबरवर यूपीआय करा" असं सांगणाऱ्याकडे शेठ चष्म्यावरून बघतात आणि विषय तिथेच थांबतो.

पत्र

शेवटी झालं ते पत्र असं, कंपनीच्या लेटरहेडवर, एका पानात :

*मा. … भाई यांस,*

*विषय : आमच्या 20 कारागिरांच्या सत्कारासाठी 10,000 रुपयांचं प्रायोजकत्व (रविवार, 25 जानेवारी)*

*आमच्या कारखान्यात 220 कारागीर हिऱ्याचं बारीक काम करतात. त्यातले 90 जण चाळिशीच्या पुढचे आहेत आणि बहुतेक जण आपल्या दुकानापासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात.*

*25 जानेवारीला आमचा वार्षिक दिन आहे. कुटुंबांसह अंदाजे 550 माणसं येतील. हॉल, जेवण आणि कार्यक्रमाचा खर्च कंपनी करत आहे. दहा वर्षं पूर्ण केलेल्या 20 कारागिरांना स्मृतिचिन्हं द्यायची आहेत. ती आपल्या दुकानाच्या सौजन्याने द्यावीत, अशी विनंती आहे. रक्कम 10,000 रुपये अधिक जीएसटी 1,800. कंपनी रीतसर बिल देईल.*

*आमच्याकडून : स्मृतिचिन्हावर आपलं नाव; संध्याकाळी 6 ते 8 प्रवेशद्वाराजवळ टेबल; प्रत्येक कुटुंबाला क्रमांक घातलेलं कूपन, मुदत 31 मार्च. कूपनवर 100 रुपये कमी, किंवा आपण ठरवाल ते. चष्म्याचा दुसरा प्रायोजक घेणार नाही.*

*स्मृतिचिन्हं 5 जानेवारीला करायला द्यायची आहेत, म्हणून आपला होकार किंवा नकार 30 डिसेंबरपर्यंत कळवावा. मी गुरुवारी दुपारी येऊन भेटतो.*

खाली कंपनीच्या मॅनेजरची सही, मुलाचं नाव आणि कंपनीतला नंबर.

त्यात "मोलाचे सहकार्य" नाही, इतिहास नाही. पहिला परिच्छेद पूर्णपणे दुकानदाराच्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. नकार कळवायलाही जागा ठेवली आहे. त्यामुळे माणूस अवघडत नाही, आणि तुम्हालाही दुसरीकडे विचारायला वेळ राहतो. "550" हा आकडा मुलाने आधी 800 लिहिला होता. मागच्या वर्षीच्या जेवणाच्या ताटांचं बिल बघून तो खाली आणला. टेबल मांडून बसलेल्या दुकानदाराला समोरची माणसं मोजता येतात, तेव्हा आकडा फुगवू नका. हिऱ्यातल्या मंदीमुळे या भागातला प्रत्येक दुकानदार सध्या रुपया तोलून खर्च करतो आहे.

नेऊन देणं

पत्र गुजरातीत गेलं. आपली मुलं गुजराती फाडफाड बोलतात, लिहिताना मात्र अडखळतात. त्याने कारखान्यातल्याच एका सहकाऱ्याकडून लिहून घेतलं. दुकानदाराच्या हाती त्याच्या रोजच्या भाषेतला कागद पडला की तो मुलाला विचारत नाही, स्वतः वाचतो.

वेळही महत्त्वाची. दिवाळीच्या आधी कोणाला उसंत नसते. लाभपाचमेला दुकानं नव्याने उघडतात, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी विचारायला हरकत नाही. या मुलाने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेलं, तेही चालून गेलं. उत्तरायणाच्या आठवड्यात नेलं असतं तर पतंगाबरोबर उडून गेलं असतं. दिवसातली वेळ दुपारची, जेवणानंतरची. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असताना पत्र पुढे करू नका.

दुकानदाराने वाचलं आणि दोन गोष्टी विचारल्या. "टेबल नको, तिथे बसायला माझ्याकडे माणूस नाही. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात कारखान्यात येऊन डोळे तपासू का?" आणि, "कूपनं मीच छापू का?" हे विचारलं म्हणजे सौदा जमला, असं समजा. ज्याला द्यायचं नसतं तो काही बदल सुचवत नाही, "जोईशुं" म्हणतो. "जोईशुं" ऐकलं की एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा करू नका.

मॅनेजरने डोळे तपासायला परवानगी दिली, पण जेवणाच्या सुट्टीत आणि ज्याची इच्छा असेल त्याचीच. एवढी अट हवीच. नजर कमी झाल्याचं मालकाला कळलं तर काम जाईल, ही भीती कारागिराला असते. म्हणून तपासणीचा कागद ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा, एचआरकडे प्रत ठेवायची नाही, असं आधीच ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं.

नंतरचं पत्र

कार्यक्रम झाला की मुलं सुटली म्हणतात. खरं तर दुसरं पत्र राहिलेलं असतं. त्या मुलाने आठ दिवसांत अर्धं पान पाठवलं : 530 ताटं झाली, 20 स्मृतिचिन्हं दिली, 174 कूपनं वाटली, सोबत चार फोटो आणि बिल. फोटोत स्मृतिचिन्हावरचं नाव वाचता येईल असा एक तरी हवाच. एप्रिलमध्ये तो दुकानात जाऊन विचारून आला. 31 कूपनं परत आली होती. दुकानदाराने ती रबर लावून गल्ल्यातच ठेवली होती.

25 हवी होती, 31 आली. 12 आली असती तरी तो आकडा लिहून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी रक्कम कमी करून विचारायचं, किंवा दुसऱ्या धंद्याकडे वळायचं. कारखान्याच्या फाइलमध्ये आता ती दोन पत्रं आणि हा एक आकडा आहे. पुढच्या वर्षी हे काम ज्या कोणाकडे येईल, त्याला चाळीस दुकानं फिरावी लागणार नाहीत.

तुमच्यापैकी कोणाकडे यंदा हे काम आलं असेल तर मसुदा जरूर पाठवा. मात्र त्याआधी दोन आकडे काढून ठेवा : तुमच्या कंपनीतली किती माणसं त्या दुकानाची गिऱ्हाइकं होऊ शकतात, आणि तुम्ही मागताय ते पैसे निघायला त्याला किती विक्री लागेल. पत्रातली भाषा मी बघून देईन.